जत्रेची रात्र आणि परदेशातलं घड्याळ

कार्तिक लागला की वेंगुर्ले तालुक्यात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या कामाचाही. दशावतारी नाटकांचं चित्रीकरण करून ती थेट किंवा मागाहून लोकांपुढे ठेवायची, हा माझा व्यवसाय. प्रेक्षक चार ठिकाणी विखुरलेले आहेत. गावातले आणि मुंबईचे चाकरमानी एकीकडे, आखातातले दुसरीकडे, लंडन नि न्यू जर्सीकडचे तिसरीकडे आणि थोडे सिडनीकडचे. ‘टाकायची चांगली वेळ कुठली?’ असं मला नेहमी विचारतात. सगळ्यांना सोयीची एक वेळ नसतेच. म्हणून मी आधी टाकायची वस्तू पाहतो आणि घड्याळ नंतर.

वस्तू दोन प्रकारच्या असतात. थेट प्रक्षेपण, चोवीस तासांनी पुसला जाणारा व्हॉट्सअॅप स्टेटस, ‘आज रात्री नाटक आहे’ ही सूचना, या सगळ्या नासणाऱ्या वस्तू. त्यांची वेळ चुकली की त्या वाया जातात. पूर्ण नाटकाचं रेकॉर्डिंग मात्र टिकतं. यूट्यूबच्या स्वतःच्या मार्गदर्शनातही म्हटलंय की व्हिडिओ कुठल्या तासाला टाकला याचा त्याच्या दीर्घकालीन वाटचालीवर थेट परिणाम होत असल्याचं दिसत नाही. त्यामुळे आकडेमोड करायची ती नासणाऱ्या वस्तूंसाठी.

आता एक जत्रा घेऊन बघू. नोव्हेंबरच्या मध्यातली शनिवारची रात्र धरा. पालखीची प्रदक्षिणा होते, साधारण बाराला पेटी-मृदंग लागतात, नमन होतं, गणपती येतो, पुढे संकासुर. एकच्या सुमाराला आख्यान सुरू होतं आणि पाचच्या आसपास युद्ध आटोपून दहीकाल्याची वेळ येते. आपल्या घड्याळाने ही ऐन झोपेची वेळ. पण लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. म्हणजे तिथे नमन शनिवारी संध्याकाळी साडेसहाला होतं आणि दहीकाला रात्री साडेअकराला. जेवणाआधी बसावं आणि झोपायच्या वेळेला उठावं, इतकं ते बेतशीर बसतं. न्यू जर्सी साडेदहा तास मागे. तिथे दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसहा, सुट्टीचा दिवस. सिडनी या दिवसांत साडेपाच तास पुढे, म्हणून आख्यानातलं युद्ध तिथे रविवारच्या न्याहारीबरोबर, साडेआठ ते साडेदहात येतं.

राहिलं आखात. दुबई आणि मस्कत आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, कुवेत-कतार अडीच तास. तिथे नाटक रात्री साडेनऊ-साडेदहाला सुरू होऊन अडीच-साडेतीनला संपतं. लांबचा प्रेक्षक सोपा आणि जवळचा अवघड, हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण कारण सरळ आहे. जो आपल्या जवळच्या वेळेत राहतो त्याची झोप आपल्या झोपेबरोबरच पडते. आमच्या भागातली माणसं आखातात भरपूर, म्हणजे थेट प्रक्षेपण ज्यांच्यासाठी करावंसं वाटतं त्यांच्याच ते कमी उपयोगाचं.

शिवाय आखातातली सुट्टीही एक नाही. संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२२ पासून सरकारी कार्यालयांची सुट्टी शनिवार-रविवार झाली आणि शुक्रवारी अर्धा दिवस. कुवेत, कतार, सौदी, ओमान इथे मात्र शुक्रवार-शनिवारच. म्हणून शनिवारच्या रात्री दुबईचा माणूस एखादवेळ जागेल, कुवेतच्या माणसाला सकाळी कामावर जायचं असतं. त्यांच्यासाठी मी नाटकातले निवडक प्रवेश रविवारी रात्री साडेआठला टाकतो. दुबईत सात वाजलेले असतात, कुवेतमध्ये सहा, लंडनमध्ये दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा. गावातलाही जेवून निवांत असतो. सिडनीत मात्र पहाटेचे दोन; पण तिथल्यांनी सकाळीच थेट पाहिलेलं असतं, म्हणून त्यांना या वेळेतून सोडून द्यायला हरकत नाही.

जत्रा तिथीवर येते, वारावर नाही. ती बुधवारी आली की न्यू जर्सीचा प्रेक्षक ऑफिसात असतो, सिडनीचा कामाच्या वाटेवर. अशा रात्री थेट प्रक्षेपण जवळजवळ लंडनपुरतंच उरतं, आणि बाकीच्यांसाठी रेकॉर्डिंगच मुख्य मानून चालावं लागतं. बारा तासांच्या आतलं थेट प्रक्षेपण यूट्यूब आपोआप साठवून ठेवतं, त्यामुळे वेगळी खटपट नको.

घोटाळा होतो तो सूचनेत. ‘शनिवारी रात्री १२ वाजता’ असं आपण सहज लिहितो. गावात कुणाला शंका येत नाही. पण बारा वाजता घड्याळात रविवार लागतो, आणि परदेशातला माणूस फोनवर उलटं गणित करताना एक दिवस पुढे किंवा मागे जातो. त्यामुळे मी बारा लिहीतच नाही. प्रत्येक ठिकाणचा वार आणि तिथलीच वेळ लिहितो: लंडन, शनिवार संध्याकाळी ६.३०; न्यू जर्सी, शनिवार दुपारी १.३०; सिडनी, रविवार पहाटे ५.३०.

दुसरा घोटाळा दिवाळीतच दडलेला असतो. अमेरिका आणि ब्रिटन उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे नेतात आणि शरदात मागे आणतात. ब्रिटन हे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. २०२४ मध्ये ब्रिटनचं घड्याळ २७ ऑक्टोबरला मागे गेलं आणि अमेरिकेचं ३ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी. सिडनीत उलट, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ पुढे जातं. आपलं घड्याळ जागचं हलत नाही, त्यामुळे हे आपल्या लक्षातही येत नाही. जत्रेचं पोस्टर दिवाळीआधी करून त्यात न्यू जर्सीसाठी साडेनऊ तासांचा फरक धरला, तर नमन अडीच वाजता असं छापलं जातं. प्रत्यक्षात ते दीडला होऊन गेलेलं असतं, आणि माणूस येतो तो थेट आख्यानात. तिकडचे प्रेक्षक बरोबर एक तास उशिरा येताना दिसले, तर पोस्टर जुन्या फरकावर केलेलं आहे, असं समजावं.

तिसरी अडचण पालखीची. ती वेळेवर देवळात येईलच असं नाही. कॅमेरा बाराला सुरू केला आणि नमन पाऊण वाजता झालं, तर पाऊण तास रिकामा रंगमंच दिसतो. ‘नाटक सुरू झाला काय रे?’ असे दोन-चार मेसेज येतात आणि मग लंडनची माणसं दुसरीकडे जातात. म्हणून सूचनेत ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहावं, पालखी देवळात शिरली की एक मेसेज पाठवावा आणि पेटी लागल्यावरच प्रक्षेपण सुरू करावं. तो मेसेज सगळ्यांना एकाच ग्रुपवर नको. रात्री बाराची सूचना गावातल्या झोपलेल्यांना उठवते, आणि आपल्या सकाळी सातचा ‘काल छान झालं’ हा मेसेज लंडनला रात्री दीडला वाजतो. देशवार वेगळ्या याद्या केल्या की हा त्रास संपतो.

यूट्यूबवर ‘प्रेक्षक केव्हा हजर असतात’ असा एक आलेख मिळतो. तो उपयोगी आहे, पण सगळ्या देशांचा मिळून एकच असतो. गावातले आणि मुंबईचे प्रेक्षक जास्त असले की त्यांचीच रात्रीची गर्दी त्यात उठून दिसते आणि लंडनची संध्याकाळ त्याखाली बुडते. म्हणून आधी देशवार यादी पाहावी, कुणासाठी काय टाकतोय ते ठरवावं, आणि मगच आलेखाला विचारावं. आमच्या जत्रेपुरता निकाल साधा आहे: थेट नाटक लांबच्यांचं, रविवारी साडेआठचे प्रवेश आखातातल्यांचे आणि गावातल्यांचे.