हात आणि हट्ट

एका ‘त’मुळे माझे लग्न मोडता मोडता राहिले असे सांगितले, तर तुम्ही हसाल. आमच्या घरी ही गोष्ट निघाली की अजूनही सगळे हसतात, आणि सर्वांत मोठ्याने हसते ती, जिने तो ‘त’ लिहिला होता ती. पण २००८ सालच्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री मला मुळीच हसू येत नव्हते, एवढे खरे.

दसऱ्याला आमचा साखरपुडा झाला होता आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर व्हायचे होते. मी अड्याळला, ती भंडाऱ्याला. तिथल्या एका शाळेत ती शिकवीत असे. मधल्या दिवसांत वरचेवर भेटणे शोभले नसते, आणि फोनवर बोलावे तर दोन्ही घरांत भिंतींना कान! राहता राहिला मोबाईलवरचा संदेश. तो मात्र इंग्रजी अक्षरांत लिहावा लागे. आमच्या यंत्रांना देवनागरी येत नव्हती. कुणी हौसेने पाठवलीच, तर पडद्यावर नुसते रिकामे चौकोन उमटत. ज्यांच्या यंत्रांना ती येई, त्यांनाही ती महागच पडे. एका संदेशात इंग्रजी अक्षरे १६० मावत, देवनागरी अवघी ७०, आणि तीही काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजून! ‘तुझी’ हा शब्द तुमच्या-माझ्या दृष्टीने दोन अक्षरांचा. यंत्राच्या हिशेबी चार. नुकताच साखरपुडा झालेल्या माणसाला ७० अक्षरे कशी पुरावीत?

पण माझी तक्रार नव्हती. खरे सांगायचे तर त्या परक्या अक्षरांनीच आम्हा दोघांना धीर दिला. समोरासमोर ती मला ‘तुम्ही’ म्हणे, तेही खाली मान घालून. संदेशात मात्र पहिल्या दिवसापासून ‘tu’. “jevlas ka?” असे ती विचारी. एकदा तर “kal swapnat ala hotas” असेही तिने लिहिले. हेच वाक्य तिने देवनागरीत लिहिले असते का? मला नाही वाटत. देवनागरी म्हणजे वडिलांची पत्रे, लग्नाची पत्रिका, शाळेतला फळा. त्या अक्षरांच्या पाठीमागे सगळी वडीलधारी मंडळी रांगेने उभी असतात. इंग्रजी अक्षरांना आमच्या घरात ना सासू होती, ना सासरा.

त्यांत आणखीही एक सोय होती. त्या अक्षरांचा अर्थ कधी पुरता पक्का नसे. एकदा मी तिच्या गालांविषयी काहीतरी धिटाईने लिहिले. ती रागावली आहे असे वाटताच मी कळवले की, बाईसाहेब, ‘gal’ म्हणजे गळ, तळ्यावर मासे धरायचा! ती समजायचे ते समजली. थट्टेला अशी पळवाट लागतेच. म्हटले तर म्हटले, नाही तर नाही. ती पळवाट इंग्रजी अक्षरे आयती देत असत.

आणि त्याच पळवाटेने त्या रात्री संकट घरात शिरले.

आमच्यात एकाच गोष्टीवरून खटका उडाला होता. लग्नानंतर तिने शाळा सोडावी आणि अड्याळला राहावे, असे माझे म्हणणे होते. ते मी आठ दिवस लावून धरले होते. त्या काळी संदेशांचे सवलतीचे पॅक दिवाळीसारख्या दिवशी चालत नसत; प्रत्येक संदेशाला पुरते पैसे पडत. म्हणून तिने त्या रात्री एकच संदेश पाठवला, तोही आखूड: “Bas zala. Ata tari hat sod.”

मी वाचले, ‘आता तरी हात सोड.’

बाहेर फटाके वाजत होते. मी ओसरीवर पणत्यांपाशी बसून त्या सहा शब्दांकडे पाहत राहिलो. उलट विचारावे, तर उत्तर काय येईल याची भीती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे चपला घालताना आईने विचारले, “का रे, येवढ्या सकारी कुठं?” मी काहीतरी पुटपुटलो आणि भंडाऱ्याकडे जाणारी पहिली एस. टी. धरली.

ती अंगणात रांगोळी काढीत होती. मला पाहून रांगोळीची चिमूट हातातच राहिली. मी काही न बोलता मोबाईल पुढे केला. तिने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि ती खाली बसून हसू लागली.

“अहो, हात नाही, हट्ट! हट्ट सोडा म्हटलं होतं!”

मग तिने खुलासा केला. ‘t’ असे आठाच्या कळीवर. एकदा दाबली की ‘t’, लागोपाठ दोनदा दाबली की ‘u’. म्हणजे दोन ‘t’ हवे असले, तर एकदा दाबून, क्षणभर थांबून पुन्हा दाबायचे. रागात तेवढा क्षण कोण थांबतो? एक ‘t’ गळाला आणि हट्टाचा हात झाला.

“पण हट्ट मात्र खरंच सोडायचा आहे,” ती म्हणाली. हाताच्या भीतीने रात्र काढलेल्या माणसाला हट्ट सोडणे काय जड? ती आजही त्याच शाळेत शिकवते आणि रोज एस. टी.ने जाते-येते.

पुढे नवे मोबाईल आले आणि देवनागरी सुलभ झाली. इंग्रजी कळा दाबाव्यात आणि पडद्यावर मराठी शब्द उमटावा! मास्तरीणबाईंनी ती लगेच उचलली. पण काय सांगू, पहिल्याच दिवशी ‘tu’ गेला आणि ‘तुम्ही’ आले. “येताना तुरीची डाळ आणावी.” शेवटी पूर्णविराम. मी मुद्दाम काही गोड लिहिले, तर उत्तर यायचे, “वाचले.” बायकोचा संदेश की मुख्याध्यापकांची सूचना, कळू नये! ती जुनी इंग्रजी अक्षरे मला फार आठवू लागली.

मग एकदा प्रशिक्षणासाठी ती आठवडाभर नागपूरला गेली. तिसऱ्या रात्री दोनच शब्द आले: “आठवन येते.”

मी प्रथम हसलो. शुद्धलेखनासाठी मुलांच्या वह्या लाल करणारी ही बाई, आणि ‘ण’च्या जागी ‘न’! पण मग ध्यानात आले. आमच्या झाडीबोलीत ‘ण’ नाहीच. पाण्याला आम्ही पानी म्हणतो. ‘आठवन’ हा तिच्या माहेरचा, तिच्या आजीच्या तोंडचा शब्द. शिवाय तिच्या कळांची खोड मला माहीत होती. ‘athvan’ लिहिले की त्या आपण होऊन ‘आठवण’ पुढे करतात. ‘आठवन’ हवे असेल, तर तो शुद्ध शब्द बाजूला सारून एकेक अक्षर जुळवावे लागते. म्हणजे ही चूक नव्हती. या वेळी ती क्षणभर थांबली होती.

साखरपुड्याच्या दिवसांत तिने “athvan yete” असे कितीदा तरी लिहिले असेल. त्या ‘n’मध्ये ‘ण’ आहे की ‘न’, ती शाळेतून बोलते आहे की चुलीपाशी बसून, हे मला कधीच दिसले नव्हते. इंग्रजी अक्षरांत ते दिसायला जागाच नव्हती. ज्या अक्षरांत ‘ण’ लिहिता येतो, त्याच अक्षरांत तो माझ्यासाठी टाकताही येतो.

मी उत्तर लिहिले, “मलाही आठवन येते.” कळांनी माझीही चूक दुरुस्त केली. मी ती पुन्हा केली, आणि मग पाठवली.