पिवळं उद्या, आरक्षण आज

शहराच्या विकास योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की गावात पहिली चर्चा रंगांची होते. कुणाचं रान पिवळ्यात आलं, कुणाचं हिरव्यातच राहिलं, याच्या बातम्या नकाशा पाहण्याआधीच चहाच्या टपरीवर पोचलेल्या असतात. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे उद्योग, हिरवा म्हणजे शेती, एवढं लोकांना आता पाठ आहे. नगररचनेच्या कामात आयुष्य गेलं म्हणून लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, "मॅडम, रान पिवळ्यात आलंय म्हणे. आता गुंठ्यानं विकायला हरकत नाही ना?"

हरकत आहे, आणि ती का आहे हे कळलं की अख्खं प्रारूप कसं वाचायचं ते कळतं. प्रारूपातला लाभ शासनाची अंतिम मंजुरी मिळेपर्यंत थांबून राहतो. ओझं मात्र लगेच सुरू होतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ४६ सांगतं की बांधकाम परवानगीचा अर्ज तपासताना नगरपरिषदेनं प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचीही दखल घ्यायची. त्यामुळे तुमच्या जागेवरून नवा रस्ता दाखवला असेल किंवा खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं असेल, तर दुसऱ्या दिवशी दिलेला घराचा नकाशा अडू शकतो. शेजारचं रान पिवळं झालं असेल, तर त्याच्या मालकाला त्या रंगाच्या जोरावर आज काहीच करता येत नाही. मंजुरीपर्यंत तो रंग बदलूही शकतो. प्रारूपातला पिवळा दाखवून प्लॉट विकणारा एजंट, जे अजून त्याच्या हातात नाही ते विकत असतो.

बारामतीत हा प्रश्न नेमका कुठे येतो ते पाहा. जळोची, तांदूळवाडी, रुई ही आजूबाजूची गावं शहराच्या हद्दीत आली. तोवर त्यांचं नियोजन पुणे प्रादेशिक योजनेतून होत होतं आणि तिथे मोठ्या क्षेत्रावर शेतीचा रंग होता. अशी गावं शहराच्या योजनेत आली की त्यांच्यासाठी पहिल्यांदाच वाड्यावस्त्यांच्या पातळीवर विचार होतो: शाळा कुठे, बाग कुठे, गाडीवाटेचा रुंद रस्ता कसा करायचा. इंदापूरसारख्या लहान नगरपरिषदेतही गावठाणाबाहेर वाढलेल्या वस्तीचं हेच होतं. जमिनीच्या वापरातले बदल दाटीच्या जुन्या पेठेत फारसे नसतात. ते या कडेच्या रानांत असतात, आणि सूचनाफलकापासून सगळ्यात लांब तिथलीच माणसं असतात.

मी रहिवाशांसाठी सारांश लिहिते तेव्हा एकूण हेक्टर आणि टक्केवारी शेवटी टाकते. सुरुवात विद्यमान जमीन वापराच्या नकाशापासून करते. प्रारूप आखण्यापूर्वी आज जागेवर काय आहे याची पाहणी करून हा नकाशा बनवावा लागतो. त्यावर जे दिसलं नाही ते आखणाऱ्याच्या लेखी नसतंच. पाच वर्षांपूर्वी बांधलेलं घर तिथे मोकळं रान म्हणून दाखवलं असेल, तर त्यावरून रस्त्याची रेघ सरळ जाईल, आणि आखणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटणार नाही. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी फेरआखणीचा आदेश दिला, दुसरं प्रारूप मे २०१६ मध्ये आलं आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. एवढ्या मोठ्या महानगरपालिकेत हे होऊ शकतं, तर आपल्या नगरपरिषदेचा नकाशा बारकाईनं पाहायलाच हवा. आपली विहीर, घर, गोठा, दहनभूमी, देवस्थानाची जागा त्या नकाशावर आहे का, हे पहिलं तपासायचं. नसेल तर हरकतीचा सगळ्यात भक्कम मुद्दा तिथेच सापडला, कारण तो पुराव्यानं सिद्ध होतो. घरपट्टीची पावती, वीजबिल, मोजणीचा नकाशा आणि फोटो पुरेसे होतात.

नंतर रस्ते. इथे एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. शहराच्या कडेला वीस गुंठे रान आहे, साधारण ४० मीटर रुंद आणि ५० मीटर लांब. त्याच्या लांबीच्या दिशेनं, बरोबर मधून, १८ मीटर रुंदीचा नवा रस्ता आखला आहे. रस्त्यात गेले १८ गुणिले ५०, म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळपास नऊ गुंठे. लोक इथेच थांबतात आणि नऊ गुंठ्यांबद्दल हरकत लिहितात. खरं नुकसान उरलेल्या अकरा गुंठ्यांत आहे. ते दोन्ही बाजूंना ११-११ मीटरच्या दोन पट्ट्यांत विभागलं गेलं. इमारतीपुढची आणि मागची मोकळी जागा प्रत्येक पट्टीत सोडायची म्हटली, तर बांधायला उरतो तो अरुंद काप.

आता त्याच रस्त्याची मध्यरेषा २० मीटर सरकवून बांधावर नेली तर? बांधाच्या दोन्ही बाजूंच्या रानांतून प्रत्येकी ९ मीटर गुणिले ५०, म्हणजे ४५० चौरस मीटर, साडेचार गुंठे जातात. रस्ता तोच, रुंदीही तीच, आणि तुमच्याकडे ३१ मीटर रुंदीचा सलग तुकडा राहतो. चांगली हरकत ही असते. "रस्ता रद्द करा" असं लिहिलं तर समिती ते बाजूला ठेवू शकते, कारण रस्ता शहराला हवा असतो. "मध्यरेषा अमुक गटाच्या बांधावर घ्या, सोबत मोजणी नकाशावर आखून दिली आहे" असं लिहिलं तर समितीला त्यावर निर्णय द्यावा लागतो.

पण त्या बांधाच्या पलीकडे शेजारी आहे. त्याच्या रानात प्रारूपानुसार काहीच जात नव्हतं, म्हणून त्यानं हरकत घेतलेली नाही, आणि तुमची सूचना मान्य झाली तर त्याचे साडेचार गुंठे जातील. म्हणून आधी त्याच्याशी बोला. दोघांच्या सहीनं अर्ज गेला तर सुनावणीत त्याला वेगळंच वजन येतं. रस्त्यामुळे त्यालाही दर्शनी बाजू मिळते, हे त्याला पटवून देता येतं. तो तयार नसेल तर तुमची सूचना टिकणं अवघड आहे, हे धरूनच पुढचं ठरवायचं.

नकाशावर रेघ मोजताना प्रमाण पाहा. १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर. मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून तुमचं घर रस्त्यात आहे की नाही हे ठरवता येत नाही. नगरपरिषदेत शुल्क भरून भाग नकाशाची प्रमाणित प्रत मिळते. ती घ्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाशी जुळवा.

काही रेघांना इथे हरकत घेऊन उपयोग नसतो, तेही सारांशात लिहावं लागतं. संत तुकाराम महाराज पालखी महामार्ग पाटसहून बारामतीमार्गे इंदापूरला येतो आणि पुणे-सोलापूर महामार्ग इंदापूरजवळून जातो. राष्ट्रीय महामार्गाची आखणी नगरपरिषद करत नाही, ती फक्त नकाशावर दाखवते. बारामती एमआयडीसीच्या क्षेत्रात नियोजनाचा अधिकार एमआयडीसीचा. कऱ्हा नदीची निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग ठरवतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा प्रारूपात पिवळी दिसली, तरी तिथे घर बांधता येईल असं समजू नका. उलट असा विसंवाद दिसला तर तो नगरपरिषदेला लेखी कळवा.

मुदतीबद्दल मी दरवेळी ठळक अक्षरांत लिहिते. नगरपरिषदेच्या प्रारूपावर हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवस असतात आणि ते राजपत्रात नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात. नोटीस राजपत्रात ३ जूनला आली आणि वर्तमानपत्रात ८ जूनला, तर मुदत ३ जुलैला संपते. वर्तमानपत्र पाहून मोजणाऱ्याला ८ जुलै वाटते आणि त्याचा अर्ज पाच दिवस उशिरा पोचतो. राजपत्राचा दिनांक नगरपरिषदेत विचारून घ्या. शेवटच्या दिवशी आवक खिडकीवर रांग असली, तरी अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका. अर्जात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, तुमचा पत्ता आणि "मला सुनावणी हवी आहे" हे वाक्य असू द्या. सुनावणीचं पत्र त्या पत्त्यावर येतं.

छापील नमुन्यावर नाव भरून दिलेले शेकडो अर्ज मला फार दुःख देतात. लोकांनी वेळ काढलेला असतो, रांगेत उभे राहिलेले असतात, आणि समितीपुढे ते सगळे मिळून एकच मुद्दा मांडतात. पुणे शहराच्या जुन्या हद्दीच्या प्रारूपावर २०१३ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक हरकती आल्या. योजना पुढे २०१५ मध्ये राज्य शासनानं आपल्या हाती घेतली आणि ती २०१७ च्या जानेवारीत मंजूर झाली. एवढ्या ढिगात एका माणसाच्या विहिरीचा मुद्दा वाचला जावा असं वाटत असेल, तर तो त्याच्याच शब्दांत, त्याच्याच नकाशासह गेला पाहिजे.

हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते: नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तिच्या अहवालानंतर नगरपरिषद प्रारूपात बदल करते आणि ते लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध होतात. ही यादी फार थोडे लोक पाहतात. मघाचा शेजारी आठवा. ज्यानं हरकत घेतली नव्हती, त्याच्या रानात रेघ आली असेल तर ती पहिल्यांदा याच यादीत दिसते. पुढे शासनानं मंजुरीच्या वेळी मोठे बदल सुचवले तर त्या बदलांपुरत्या पुन्हा हरकती मागवल्या जातात, आणि तिथेही मुदत राजपत्रापासूनच धावते.

आरक्षणात जागा गेलेल्यांना मी आणखी एक तारीख लिहून ठेवायला सांगते: अंतिम योजना अमलात आल्याची. तिथून दहा वर्षांत जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ प्रमाणे मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत जागा संपादित झाली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं. म्हणजे प्रारूपात पडलेल्या चुकीच्या आरक्षणातून सुटायला, मंजुरीचा काळ सोडूनही, बारा वर्षं लागू शकतात. त्याच आरक्षणातली चूक पहिल्या तीस दिवसांत मोजणी नकाशा आणि घरपट्टीची पावती जोडून दाखवून देता येतं.