पाच वर्षं, हजारो क्रेट आणि साका

आज कंपनीत पाच वर्षं झाली. पूर्णगडात बरेच जण विचारतात, "तू तिकडे नक्की करतोस काय?" तर मी कॅनिंगच्या फॅक्टरीत माल घ्यायच्या दारावर असतो. टेम्पो आला की आंबा बघायचा, कापायचा, वजन घ्यायचं, पावती करायची, आणि नंतर तो आंबा पिकेपर्यंत त्याच्यामागे राहायचं. एप्रिल अखेरपासून पाऊस पडेपर्यंत घरी फक्त झोपायला जातो. उरलेलं वर्ष गोदाम, डबे आणि मशिनची डागडुजी.

गावखडी-पावस बाजूचे बरेच बागायतदार माझ्या ओळखीचे, काही तर नात्यातले. त्यामुळे दारावर सगळ्यात जास्त भांडणं ज्या गोष्टीवरून होतात, तीच आज लिहितो. ती गोष्ट म्हणजे साका. मी जे शिकलो ते बहुतेक तिच्यातूनच शिकलो.

साका बाहेरून दिसत नाही. आंबा वरून देखणा, वास घमघमीत, आणि कापला की कोयीजवळ पांढुरका, स्पंजासारखा आंबट गर. कीड नाही, रोग नाही, त्यामुळे फवारणीने जात नाही. उन्हाने तापलेली जमीन आणि तिच्यातून वर येणारी धग हे त्याचं एक कारण मानतात. म्हणून झाडाखाली गवत, पालापाचोळा राखला तर प्रमाण कमी राहतं असं सांगतात. आमच्याकडे मात्र काढणीआधी बाग लख्ख झाडायची हौस फार! दुसरं कारण, फळ झाडावर गरजेपेक्षा जास्त दिवस राहणं. चौदा आणे तयार झालेला आंबा काढला तर धोका कमी. "अजून चार दिवस राहू दे, वजन भरेल" म्हणून ठेवलेल्या फळात साका जास्त सापडतो, हे मी दारावर दरवर्षी बघतो. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' काढला, त्यात साका नाही. पण गिऱ्हाईक मागतं हापूसच.)

आता हिशेबाची गोष्ट. माझ्या दुसऱ्या मोसमातला एक टेम्पो सांगतो. चाळीस क्रेट, क्रेटमागे वीस किलो, म्हणजे आठशे किलो माल. वरचे क्रेट घेऊन नमुना काढणं सोपं असतं, पण वर कोणीही चांगलाच माल ठेवतो. आमचे सुपरवायझर काका पहिल्या दिवसापासून सांगायचे, "तळाचा क्रेट, मधला आणि दाराकडचा, तिन्हीकडून घे." तसे वीस आंबे काढले आणि कापले. तीन फळांत साका. वीसात तीन म्हणजे शंभरात पंधरा. दारावरची जुनी रीत अशी की पंधरा टक्के वजन सरळ कापायचं, म्हणजे एकशेवीस किलो. समजा भाव तीस रुपये किलो धरला, तर बागायतदाराचे तीन हजार सहाशे रुपये गेले.

काकांना ते पटत नव्हतं. ते म्हणाले, साका आहे म्हणजे अख्खा आंबा वाया गेला असं नाही, मग अख्ख्याचे पैसे का कापायचे? त्यांनी त्या मालातले दोन क्रेट बाजूला काढून त्यांच्यावर खडूने खूण केली आणि स्वतंत्र अढी घातली. चाळीस किलो हिरवा आंबा पिकला तेव्हा सदतीस किलो भरला. पिकताना पाणी उडतं, तेवढं वजन घटणारच. सोलणाऱ्या मावशींना सांगून साक्याचा भाग कापून वेगळ्या बादलीत टाकायला लावला. ती बादली भरली दीड किलो. सदतीसात दीड म्हणजे साधारण चार टक्के. पंधरा टक्के फळांत दोष, पण वाया गेला फक्त चार टक्के माल.

काकांनी हा हिशेब कागदावर मांडून मॅनेजरांपुढे ठेवला. एका टेम्पोवरून नियम ठरत नाही, हेही त्यांनीच सांगितलं आणि मोसमभर दर आठवड्याला दोन क्रेट असेच तपासले. आकडा वरखाली झाला, पण अख्ख्या फळाच्या जवळपासही कधी गेला नाही. पुढच्या वर्षापासून कपात फळं मोजून न करता कापलेल्या भागाच्या वजनावर ठरते. मला वाटतं, दारावर आवाज कमी झाला तो या कागदामुळे, माझ्या गोड बोलण्यामुळे नव्हे.

दुसरी शिकवण लॅबमधल्या मॅडमची. मी समजायचो की जास्त पिकलेला आंबा म्हणजे जास्त गोड, म्हणजे चांगला. त्यांनी एक दिवस रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून मला डोळा लावायला सांगितला. गोडी दिसली अठराच्या आसपास. मग त्याच रसाचा पीएच दाखवला. हापूसचा रस आंबटपणाच्या बळावर डब्यात टिकतो. पीएच ४.६ च्या खाली असेल तर उकळत्या पाण्याच्या तापमानाएवढी उष्णता पुरते. त्याच्या वर गेला तर काही घातक जंतूंचे बीजाणू त्या उष्णतेत मरत नाहीत आणि बंद डब्यात वाढू शकतात. आंबा पिकत जातो तसा आंबटपणा उतरतो आणि पीएच वर चढतो. म्हणजे अतिपिकलेला आंबा नुसता गळका नसतो, तो धोक्याकडे सरकत असतो. म्हणून अढी रोज उलटायची, आज तयार झालेला आजच सोलायला द्यायचा, आणि पीएच वर वाटला तर सायट्रिक अॅसिड घालून खाली आणायचा. मॅडमनी हे ओरडून सांगितलं असतं तर मी विसरलो असतो. त्यांनी मोजून दाखवलं.

तिसऱ्या आमच्या सोलणाऱ्या मावशी. कारबाइडने पिकवलेला माल त्या पहिल्या सुरीला ओळखतात. साल सगळीकडून सारखी पिवळी, पण सुरी आत गेली की कोयीकडे कडक आणि पांढरट. गवतात पिकलेल्याची साल ठिकठिकाणी हिरवी राहते, पण आतला गर एकसारखा असतो. कारबाइडला कायद्याने बंदी आहे. तरी दुसरीकडून आलेला एखादा लॉट असा निघतोच, आणि तो पहिल्यांदा मावशींच्या हाताला कळतो, लॅबला नंतर.

बागायतदारांना एकच विनंती. माल द्याल त्या दारावर, आमच्या असो नाहीतर दुसऱ्या कुणाच्या, नमुना तुमच्यासमोर कापायला लावा. किती फळं कापली आणि साका किती निघाला ते पावतीवर लिहून घ्या. नुसतं "साका लागला" एवढ्यावर कपात मान्य करू नका. फळ देठासकट झेल्याने काढा. जमिनीवर पडलेलं वेगळ्या क्रेटमध्ये भरा, चांगल्यात मिसळू नका, कारण काळं पडलेलं एक फळ अढीत शेजारच्या चारांना घेऊन बसतं.

काका यंदा निवृत्त होताहेत. त्यांची नमुन्याची वही त्यांनी मला दिली आहे. मॅडम, मावशी, आणि रात्री अकरालासुद्धा टेम्पो घेऊन हसत येणारे आमचे चाचा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची पुढची पानं कोरी आहेत, पेटी-क्रेट जमवायला लागा, मंडळी.