काखेतली तुरटी

आईच्या मॅमोग्राफीच्या आदल्या दिवशी सेंटरवरून फोन आला. "त्यांना सांगा, उद्या काखेत डिओ, पावडर काही लावायचं नाही." फोन ठेवला आणि माझी खात्रीच पटली. फॅमिली ग्रुपवर फिरणारा तो मेसेज खरा होता तर! डिओतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे स्तनाचा कॅन्सर होतो.

आईचा रिपोर्ट नॉर्मल आला. तरी मी माझा रोल-ऑन कचऱ्यात टाकला आणि 'नॅचरल, अ‍ॅल्युमिनियम-फ्री' क्रीमची डबी मागवली. दहा दिवसांत काखा लालबुंद झाल्या. लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की आग व्हायची. 'शरीर डिटॉक्स होतंय' असं समजून आणखी आठवडा काढला. मग कातडी सोलवटायला लागली.

स्किनच्या डॉक्टरांनी डबी उलटी करून मागची यादी वाचली. "खायचा सोडा आहे यात. आणि सुगंधी तेलं." आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा तिच्या उलट. त्यात काखेत कातडी कातडीला घासते, घाम साचतो आणि रेझर फिरवलेला असतो. आग होणारच.

"पण अ‍ॅल्युमिनियम?" मी विचारलं.

त्यांनी शांतपणे समजावलं. ताज्या घामाला फारसा वास नसतो. काखेतले जिवाणू तो फोडतात तेव्हा वास येतो. डिओडरंट फक्त वासाचा बंदोबस्त करतो, घाम येतच राहतो. अँटिपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात. त्वचेतून आत जाणारं अ‍ॅल्युमिनियम अगदी नगण्य असतं, आणि कॅन्सरशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. किडनी बरीच बिघडलेली असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायचं.

"मग मॅमोग्राफीला का चालत नाही?"

"ते कण एक्स-रेवर पांढरे ठिपके दिसतात. गाठीजवळच्या कॅल्शियमसारखे. उगाच घोटाळा नको म्हणून."

एवढंच होतं!

काखा बऱ्या होईपर्यंत सगळं बंद ठेवलं. मग सुगंध आणि सोडा, दोन्ही नसलेला अँटिपर्स्पिरंट निवडला. 'अनसेंटेड' लिहिलं असलं तरी मूळ वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो, म्हणून 'फ्रॅग्रन्स-फ्री' शोधला. आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. खाज आली नाही. आता रात्री, कोरड्या काखेत लावते. रात्री घाम कमी असतो, त्यामुळे बूच नीट बसतं. शेव्हिंग केलं त्या रात्री सुट्टी.

परवा बाबा दाढी करून गालावर तुरटी फिरवत होते. अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार तो. इतकी वर्षं आमच्या बेसिनवर पडलेला, आणि कुणी कधी घाबरलं नव्हतं.