सर्टिफिकेट माझं, पडताळणीचे पैसेही माझेच?

"भाऊ, तुझं सर्टिफिकेट एक्स्पायर झालंय. बारा हजार भर, आम्ही व्हेरिफाय करून आणतो. मग कतारच्या कंपनीकडे नाव पाठवतो." एजंटचं हे बोलणं आठवलं की अजून डोकं तापतं.

मी पाइप वेल्डर. रूट टिगने, वरचं फिलिंग आर्कने. सर्टिफिकेट सिक्स-जीचं, म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका बांधून, तो न फिरवता मारलेल्या जॉइंटचं. त्यावर तारीख दोन वर्षांपूर्वीची होती आणि एजंटने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

पण एएसएमई सेक्शन नाइनमध्ये वेल्डरच्या क्वालिफिकेशनला अशी एक्स्पायरी नसते. त्या प्रोसेसने सलग सहा महिने काम केलं नाही, तर ते संपतं. काम चालू असेल तर टिकतं. म्हणून लागतो तो कंटिन्यूइटी रेकॉर्ड. मी जुन्या साइटच्या क्यूसी साहेबांना फोन केला. त्यांनी रजिस्टर काढून माझा स्टॅम्प नंबर आणि कुठल्या महिन्यात कुठल्या प्रोसेसने जॉइंट मारले, ते लेटरहेडवर लिहून दिलं. एक पैसा घेतला नाही. सर्टिफिकेट खरं की खोटं, हे ज्याने टेस्ट घेतली तोच सांगू शकतो. ते पडताळायला नव्या कंपनीने थेट त्यालाच फोन केला की झालं.

आणि एवढं करूनही नवा काँट्रॅक्टर आपली टेस्ट घेतोच. जुनं सर्टिफिकेट जुन्या कंपनीच्या जबाबदारीवर असतं. नवीन जागी पुन्हा कूपन वेल्ड करायचं, त्याचा एक्स-रे किंवा बेंड टेस्ट होणार. मग बारा हजार कशाचे? हे मी विचारलं तेव्हा एजंटने विषय बदलला आणि पासपोर्ट मागितला. पासपोर्ट मी दिला नाही.

ई-मायग्रेटवर त्याचं नाव शोधलं. नव्हतंच. तो दुसऱ्या कुणाच्या लायसन्सवर माणसं गोळा करत होता. शोधताना फक्त नाव जुळवू नका. लायसन्स नंबर आणि ऑफिसचा पत्ता जुळतो का बघा, आणि तिथल्याच नंबरावर फोन करून मागणी खरी आहे का विचारा.

नंतर लायसन्सवाल्या एजंटमार्फत गेलो. त्यांनी आधी टेस्ट करवली आणि ऑफर लेटर दिलं, मग बँकेतून पैसे घेऊन पावती दिली. कायद्याने त्यांना तीस हजार आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. तेव्हा वाटलं, चला, नियमात आहे. पण आता वाटतं, वेल्डर हवा काँट्रॅक्टरला, मग शोधून देण्याचे पैसे तरी मी का भरायचे? काही कंपन्या एजंटची फी स्वतः देतात. पुढच्या वेळी तसलीच कंपनी बघणार आहे.