गुणक लावा आणि बघा!

अहो, हे बघितलंत का? मी गणितातला जाणकार वगैरे अजिबात नाही! पूर्णगडला राहतो, मुचकुंदी समुद्राला मिळते तिथे, आणि स्पर्धा परीक्षेसाठी आकड्यांचे तक्ते सोडवतो, एवढंच. पण आज जे हाती लागलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही!

घ्या आपलाच रत्नागिरी जिल्हा. जनगणनेत १९९१ला लोकसंख्या १५,४४,०५७. २००१पर्यंत ९.८९ टक्के वाढ. २०११पर्यंत ४.८२ टक्के घट. हो, घट! मग वीस वर्षांत एकूण बदल किती?

आधी मी काय करायचो, तर १५,४४,०५७चे ९.८९ टक्के काढायचे, ते मिळवायचे, आणि मग आलेल्या आकड्याचे ४.८२ टक्के काढायचे, ते वजा करायचे, आणि मग मूळ आकड्याशी तुलना, आणि मग पान संपायचं! आता? ९.८९ टक्के वाढ म्हणजे गुणिले १.०९८९. ४.८२ टक्के घट म्हणजे १०० मधले ९५.१८ उरले, गुणिले ०.९५१८. दोघांचा गुणाकार १.०४५९. म्हणजे वाढ जवळपास ४.६ टक्के! मूळ लोकसंख्येला हातच लावला नाही!

घाईत असाल तर १.१ गुणिले ०.९५ करा. १.०४५! पर्यायांत ५.०७ आणि ४.६ शेजारी बसलेले असले तरी बोट बरोबर ४.६वर जातं!

५.०७ कुठून येतं? ९.८९मधून ४.८२ सरळ वजा केले की. आणि मग मधला अर्धा टक्का गेला कुठे? इथे तर मी उडालोच! घट फक्त १९९१च्या माणसांवर नाही, मधल्या दहा वर्षांत वाढलेल्यांवरही लागली! ९.८९चे ४.८२ टक्के म्हणजे ०.४८. तोच तो! नेमका तोच!

आणि क्रम उलटा करा, आधी घट, मग वाढ. उत्तर तेच, कारण गुणाकाराला क्रमाचं काही नाही!

उलट जायचं असेल तर मात्र जपून हं! २०११च्या १६,१५,०६९वरून २००१चा आकडा हवा असेल तर ४.८२ टक्के मिळवू नका, जवळजवळ चार हजार माणसं कमी पडतात! ०.९५१८ने भागा. साधारण १६,९६,८५७ येतात, खरा आकडा १६,९६,७७७. हा थोडासा फरक टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्यामुळे, बाकी काही नाही.

आणि प्रत्येक टक्का आधीच्या आकड्यावरचा असेल तरच साखळी जोडायची. पुरुष इतके टक्के वाढले, स्त्रिया तितके टक्के, असं असेल तर तिथे गुणाकार चालत नाही. ते दोन वेगळे गट, एकामागून एक आलेले बदल नव्हेत!

चला, आता तुमची पाळी! शेजारचा सिंधुदुर्ग. आधी ४.४१ टक्के वाढ, मग २.२१ टक्के घट. कागद नको! १.०४४१ गुणिले ०.९७७९... २.१ आलं ना?