तीन हप्त्यांचा दर आणि आजचा दर

ऊसतोड सुरू झाली की पारावर एकच विषय, कुठला कारखाना किती देतो. या साली आमच्या गटात दोन दर आले. तोडणी-वाहतूक वजा जाता एका कारखान्याचे टनाला ३००० रुपये, सगळे एकरकमी. दुसऱ्याचे ३०६०, पण २५०० आत्ता, २८० सहा महिन्यांनी बेसल डोसच्या टायमाला आणि २८० दहा महिन्यांनी दिवाळीला. (आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.)

बरेच जण म्हणाले, साठ रुपये जादा आहेत, दुसऱ्यालाच घाला. मी म्हटलं थांबा, दिवाळीचे २८० आणि आजचे २८० एक नाहीत. आज हातात आलेला पैसा कुठंतरी कामाला लागतो. एकतर व्याज मिळवतो, नाहीतर देण्याचं व्याज वाचवतो. उशिरा येणारा पैसा तेवढे महिने हे काम करत नाही.

माझं उदाहरण घ्या. दुकानात खताची आणि औषधांची उधारी आहे, महिन्याला शेकडा दोन रुपयांनी. जादा आलेला पैसा मी आधी तिथंच भरणार. म्हणजे माझ्या पैशाचा दर महिना दोन टक्के. सहा महिन्यांत १२ टक्के, दहा महिन्यांत २० टक्के.

आता प्रश्न असा करायचा: आज किती रुपये असले तर सहा महिन्यांनी ते २८० होतील? २८० ला १.१२ ने भागा, २५० येतात. ताळा करून बघा, २५० वर १२ टक्के म्हणजे ३०, मिळून २८०. दिवाळीच्या २८० ला १.२० ने भागा, २३३ येतात. आता बेरीज करा. २५०० अधिक २५० अधिक २३३, झाले २९८३. म्हणजे माझ्यासाठी ३०६० चा दर हा आजचा २९८३ चा दर आहे. एकरकमी ३००० त्याच्यापेक्षा सतरा रुपयांनी सरस. माझा ऊस साठ टन, म्हणजे हजार रुपयांचा फरक.

इथं एक गफलत होते. काही जण २८० मधून सरळ १२ टक्के वजा करतात आणि २४६ धरतात. तसं नाही. व्याज आजच्या रकमेवर चढतं, पुढच्या रकमेवर नाही. म्हणून वजाबाकी नको, भागाकार करायचा. बँकेतले साहेब याला डिस्काउंटिंग म्हणतात आणि आलेल्या उत्तराला आजची किंमत.

शेजारचे तात्या मात्र ३०६० वाल्याकडं गेले, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांच्यावर दुकानाची उधारी नाही. सोसायटीचं पीककर्ज वेळेत भरतात. पैसा लवकर आला तर ते ठेव ठेवणार, सात टक्के वर्षाला. त्यांच्या हिशेबात पहिल्या २८० चे आजचे २७१ आणि दिवाळीच्या २८० चे २६५ होतात. बेरीज ३०३६. त्यांना छत्तीस रुपये फायदा. म्हणजे दर एकच, पण त्याची आजची किंमत घराघरात वेगळी.

मग बदल कुठं होतो? या आकड्यांत वर्षाला १८ टक्के, म्हणजे महिना शेकडा दीड रुपयाला दोन्ही दर जवळपास सारखे पडतात. तुमचं देणं त्यापेक्षा महाग असेल तर एकरकमी घ्या, स्वस्त असेल तर हप्ते परवडतात. यात घरातलं सगळ्यात महाग कर्ज धरायचं, कारण हातात पैसा आला की पहिल्यांदा तेच फेडायचं असतं.

हा हिशेब फक्त उशिराचा आहे. हप्ता बुडाला किंवा दिवाळीचा संक्रांतीवर गेला, तर त्याचा धोका यात धरलेला नाही. ज्याचा मागचा शेवटचा हप्ता अजून आला नाही, त्याचे २८० मी २८० धरूनच भागाकार करणार नाही, आधीच कमी धरीन. शिवाय एफआरपी आणि वरचा पैसा वेगळा बघा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं वेगळा करार नसेल तर एफआरपी ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे उशिराच्या पैशाला किंमत असते हे कायद्यानंही धरलंय. पण ज्याची उधारी २४ टक्क्यांनी चालू आहे, त्याचं नुकसान त्या १५ टक्क्यांत भरून निघत नाही.

तुमच्या कारखान्याचे हप्ते आणि तुमच्या देण्याचा दर खाली लिहा, भागाकार मिळून करू.